मोबाइल स्टार्टरचं फर्मवेअर हाती घेताना: लाइट जाते-येते तेव्हा आत काय घडतं

आपल्या मोबाइल स्टार्टरचं फर्मवेअर आता तुझ्याकडे येतंय. कोड रिपॉझिटरीत आहे, सर्किट त्याच्या फोल्डरमध्ये आहे. ते वाचून बोर्ड काय करतो हे तुला आठवड्याभरात कळेल. हे टिपण वेगळ्या कारणासाठी लिहिते आहे. कोडमध्ये काही ओळी अशा आहेत की वाचणाऱ्याला त्या चुकीच्या किंवा उगीचच्या वाटतात, आणि कोणीही जाणता माणूस त्या साफ करायला जाईल. त्या का आहेत ते इथे मांडलंय.

आधी खोका कुठे राहतो ते डोळ्यांसमोर आण. सांवेर रोडवरच्या आपल्या कारखान्यातून तो निघतो आणि सांवेर, देपालपूर, देवासकडच्या शेतात बोअरवेलजवळच्या पत्र्याच्या पेटीत जाऊन बसतो. तिथे तीन फेजची लाइट ठरलेल्या तासांपुरती येते, बरेचदा रात्री. शेतकरी घरून एसएमएस करून मोटर चालू-बंद करतो, किंवा ऑटो लावून ठेवतो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी. नोव्हेंबरमध्ये गहू, लसूण, बटाट्याला पाणी सुरू झालं की आपला फोन वाजायला लागतो. तक्रार बहुतेक एकाच वाक्यात येते: "लाइट आई, पर मोटर नहीं चली." या एका वाक्याच्या मागे निदान चार वेगवेगळी कारणं असतात, आणि हे टिपण त्या चारांबद्दलच आहे.

पहिलं कारण: सेटिंग कशी साठवतो

बोर्डवर `STM32F103C8` आहे. त्यात वेगळी ईईप्रॉम नाही, म्हणून सेटिंग आणि मोटरची शेवटची स्थिती चिपच्या फ्लॅशमध्येच ठेवतो. फ्लॅश 64 केबीची, 1 केबीच्या पानांची. शेवटची दोन पानं, `0x0800F800` आणि `0x0800FC00`, आपण राखून ठेवली आहेत. फ्लॅशचा स्वभाव असा की एकदा लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहायचं तर आधी सगळं पान पुसावं लागतं. पुसायला 20 ते 40 मिलिसेकंद लागतात. लिहायला मात्र दर दोन बाइटला जास्तीत जास्त 70 मायक्रोसेकंद पुरतात. या दोन वेळांमधली तफावत लक्षात ठेव, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आपलं रेकॉर्ड 32 बाइटचं आहे. ते लिहायला फार तर 1.1 मिलिसेकंद लागतो. दर वेळी त्याच जागी न लिहिता आपण ते पानावर एकाखाली एक लिहीत जातो. पहिली जागा पानाच्या मथळ्याची, उरलेल्या 31 रेकॉर्डच्या. पान भरलं की दुसऱ्या पानावर जायचं, आणि नव्या पानावर एक रेकॉर्ड लिहून, परत वाचून, सीआरसी जुळल्यावरच जुनं पान पुसायचं. हा क्रम उलटा करू नकोस. मध्येच लाइट गेली तर दोन्ही पानं रिकामी राहतील आणि खोका कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जाईल, ज्यात ऑटो बंद असतं.

एवढा खटाटोप कशासाठी, एकच पान पुसून पुन्हा लिहिलं तर काय बिघडतं, असा प्रश्न तुला पडेल. चिपचा उत्पादक एका पानाला 10,000 वेळा पुसण्याची हमी देतो. मोटर चालू-बंद आणि लाइटचं जाणं-येणं धरून दिवसाला 40 वेळा रेकॉर्ड लिहिलं जातं असं समज. एकाच पानावर पुसत राहिलो तर हमी 250 दिवसांत संपते. आपल्या पद्धतीने दोन पानांत मिळून 6,20,000 रेकॉर्ड मावतात, म्हणजे त्याच वेगाने 42 वर्षं. स्टार्टरचे बाकीचे भाग त्याच्या आधीच म्हातारे होतील.

आता मुख्य गोम. लाइट गेली की शेवटचं रेकॉर्ड लिहायला आपल्याकडे किती वेळ असतो? 12 व्होल्टच्या लाइनवर 2200 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आहे. व्होल्टेज 9 च्या खाली गेलं की एडीसीचा अ‍ॅनालॉग वॉचडॉग इंटरप्ट देतो, आणि साधारण 6.5 व्होल्टपर्यंत पुढचे रेग्युलेटर टिकतात. मधल्या अडीच व्होल्टांत काम उरकायचं:

```
t = C × ΔV / I
2200 µF × 2.5 V / 0.06 A ≈ 92 ms
2200 µF × 2.5 V / 0.30 A ≈ 18 ms
```

पहिली ओळ मॉडेम गप्प असतानाची. दुसरी मॉडेम पाठवत असताना आणि रिले ओढलेला असतानाची. टेबलावर आपण प्लग काढून बघतो तेव्हा मॉडेम बहुतेक गप्पच असतो. 92 मिलिसेकंदांत पान पुसूनही होतं आणि सगळं ठीक दिसतं. शेतात लाइट येते, मॉडेम टॉवरवर नोंदणी करायला पाठवू लागतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट परत जाते. टॉवर दूर असल्यामुळे मॉडेम ताकदही जास्त लावतो. तिथे हातात 18 मिलिसेकंद असतात, आणि पुसायला 40 लागू शकतात. उन्हात तापणाऱ्या पेटीत काही वर्षांनी कपॅसिटर निम्मा झाला तर 18 चे 9 होतात.

म्हणून नियम असा आहे: लाइट जाताना कधीही पुसायचं नाही, फक्त आधीच पुसून ठेवलेल्या जागेवर लिहायचं. 9 मिलिसेकंदांतही 1.1 चं काम आरामात होतं. पुसणं `settings_housekeeping()` मध्ये होतं, तेही 12 व्होल्टची लाइन सलग 30 सेकंद स्थिर असेल, मॉडेम मोकळा असेल आणि मोटर सुरू होण्याच्या मधल्या अवस्थेत नसेल तरच. या तीन अटी वाचून "थेट पुसून टाकू या" असं वाटेल. तसं करू नकोस.

याला चिकटूनच आणखी दोन गोष्टी आहेत. पान पुसताना प्रोसेसर फ्लॅशमधून पुढची सूचना वाचू शकत नाही, म्हणजे तेवढा वेळ तो थांबतो. 9600 च्या वेगाने मॉडेमकडून 40 मिलिसेकंदांत 38 बाइट येतात आणि यूएआर्टमध्ये जागा एकाच बाइटची असते. म्हणून मॉडेमचं वाचन इंटरप्टने न करता डीएमएने थेट रॅममध्ये घेतलंय. ते इंटरप्टवर आणलंस तर कधीतरी एखाद्या एसएमएसचा मधलाच तुकडा गायब होईल.

दुसरी गोष्ट रेकॉर्डच्या क्रमांकाची. तो 16 बिटचा आहे. दिवसाला 40 धरले तर साडेचार वर्षांनी तो पुन्हा शून्यावर येतो. `0xFFFF` म्हणजे पुसलेली जागा, म्हणून तो आकडा आपण वगळतो. नवं रेकॉर्ड कोणतं हे साध्या `>` ने ठरवलं तर त्या दिवशी खोका साडेचार वर्षांपूर्वीची सेटिंग उचलेल. म्हणून तुलना अशी आहे:

```c
static bool newer(uint16_t a, uint16_t b)
{
    return (int16_t)(a - b) > 0;
}
```

आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये `LENGTH = 62K` आहे, 64 नाही. प्रोजेक्ट टूलमधून नव्याने तयार केलास तर तिथे गुपचूप 64 येतं. कोड छोटा आहे तोवर काही बिघडत नाही. तो वाढला की शेवटच्या पानांत शिरतो, आणि पहिल्याच पुसण्यात प्रोग्रॅमचा तुकडा जातो. प्रत्येक नव्या बिल्डनंतर ही ओळ बघ.

परत आलेला खोका कसा वाचायचा

एक उदाहरण पायरीपायरीने सांगते. देपालपूरकडून खोका आला, चिठ्ठीवर लिहिलंय की ऑटो आपोआप बंद होतं. सगळ्यात आधी त्याला लाइट देऊ नकोस. लाइट दिली की फर्मवेअर जागं होतं, कदाचित जुनं पान पुसतं, लाइट काढताना नवं रेकॉर्ड लिहितं, आणि पुरावा जातो. प्रोग्रॅमरमधून फक्त 3.3 व्होल्ट दे, चिप रीसेटमध्ये धरून दोन्ही पानं उतरवून घे:

```
st-flash --connect-under-reset read dump.bin 0x0800F800 2048
xxd dump.bin
```

आता चार चित्रांपैकी एक दिसेल.

रेकॉर्ड नीट आहेत, शेवटच्यात ऑटो बंद आहे आणि सीआरसी जुळतोय: मग ते कोणीतरी बंद केलंय. रेकॉर्डमध्ये आदेशाचा स्रोत लिहिलेला असतो, एसएमएस की पेटीवरचं बटण. बरेचदा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून गेलेलं असतं. शेतकऱ्याला तो नंबर सांगितला की तक्रार तिथेच मिटते.

शेवटचं रेकॉर्ड अर्धवट आहे, पुढे सगळं `ff`: लिहिताना वीज संपली. खोका त्याच्या आधीचं रेकॉर्ड घेतो, हे अपेक्षित आहे. पण असं एकाच पानावर दोन-तीनदा दिसलं तर कपॅसिटर काढून मोज, तो म्हातारा झालाय.

दोन्ही पानं पूर्ण `ff`: हे शेतात घडत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर कोणीतरी फर्मवेअर टाकताना सगळी चिप पुसली आहे. `st-flash write` फक्त लागणारी पानं पुसतो. खिडकीवाल्या टूलमध्ये "फुल चिप इरेझ"वर खूण राहिली असेल तर सेटिंग जाते.

चौथं चित्र विचित्र असतं. एकच पान दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वेगळं दिसलं, तर पुसणं मध्येच तुटलंय. पेशी ना धड भरलेल्या, ना रिकाम्या. आपल्या सध्याच्या आवृत्तीत हे दिसू नये. दिसलं तर चिपवरचं नाव भिंगातून बघ. बाजारात या चिपच्या जागी बसणाऱ्या दुसऱ्या उत्पादकांच्या चिप मिळतात, आणि त्यांच्या पुसण्याच्या वेळा वेगळ्या असतात. वर दिलेलं सगळं गणित मूळ चिपचं आहे. खरेदी विभागाने चिप बदलली तर त्या चिपच्या डेटाशीटमधून ते पुन्हा मांडावं लागेल.

दुसरं कारण: एसएमएस

मॉडेम 2जी आहे. जिओचं सिम त्यात चालणारच नाही, त्यांचं 2जी जाळं नाही. फोनवर हे आधी विचार, अर्धा तास वाचेल.

सिमवर संदेशांना थोडीच जागा असते. कंपन्यांच्या जाहिरातींनी ती भरली की नवा एसएमएस आत येतच नाही. `+CMTI` ही सूचना येत नाही, चूकही दिसत नाही, सिग्नल उत्तम असतो. शेतकरी म्हणतो, महिनाभर चांगलं चाललं आणि मग ऐकेनासं झालं. `AT+CPMS?` विचारल्यावर वापरलेली आणि एकूण जागा सारखीच दिसली, उदाहरणार्थ `"SM",20,20`, की निदान पक्कं. म्हणून आपण दर तासाला `AT+CMGD=1,1` पाठवतो. याचा अर्थ वाचलेले संदेश पुसायचे, न वाचलेले ठेवायचे. त्याऐवजी `AT+CMGD=1,4` वापरलंस तर सगळंच पुसलं जातं, आणि त्याच क्षणी आलेला शेतकऱ्याचा आदेशही त्यात जातो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट शिळ्या आदेशांची. खोक्याला लाइट नसते तेव्हा मॉडेमही बंद असतो, आणि नेटवर्क एसएमएस स्वतःकडे धरून ठेवतं. दुपारी एक वाजता कोणी `ON` पाठवलं, लाइट नव्हती, म्हणून तो शेतावर गेला. रात्री अकराला लाइट आली की दुपारचा `ON` येऊन पोचतो. तेव्हा कोणी पेटी उघडून वायर जोडत असेल, किंवा पंप दुरुस्तीला वर काढलेला असेल. इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे, म्हणून या भागात चाचणीशिवाय एक अक्षरही बदलू नकोस.

प्रत्येक एसएमएसबरोबर सेवा केंद्राची वेळ येते, `"24/11/18,13:05:22+22"` अशी. शेवटचं `+22` म्हणजे 22 पाव तास, साडेपाच तास, भारताची वेळ. आपल्या घड्याळाशी ती ताडून 10 मिनिटांपेक्षा जुना `ON` टाकून देतो. घड्याळाची बॅटरी संपली असेल तर वेळ कळत नाही. मग लाइट आल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत आलेला कोणताही `ON` मानत नाही, शेतकऱ्याला "पुन्हा पाठवा" असा निरोप जातो. `OFF` मात्र कितीही जुना असला तरी मानतो. मोटर उगीच बंद झाली तर पाणी थोडं उशिरा मिळेल. उगीच चालू झाली तर काय होईल सांगता येत नाही. कोडमध्ये दोन आदेशांना दोन वेगळे रस्ते दिसतात ते यामुळे. ते एकाच फंक्शनमध्ये गुंडाळू नकोस.

तिसरं कारण: दोनच फेज

मोटर सुरू करण्याआधी आपण तिन्ही फेजचं व्होल्टेज बघतो. एक फेज नसेल तर सुरू करत नाही, आणि शेतकऱ्याला कळवतो. चालू मोटरची गोष्ट वेगळी आहे. चालताना एक फेज गेली तरी फिरणारी मोटर त्या तारेवर स्वतःच व्होल्टेज उभं करते, बरेचदा मूळच्या जवळपास. त्यामुळे व्होल्टेज बघून काही कळत नाही आणि वाइंडिंग जळते. म्हणून चालू मोटरसाठी व्होल्टेजची तपासणी मुद्दाम बंद आहे आणि करंटची चालू आहे.

करंट मोजायला बोर्डवर दोनच सीटी आहेत. तिसऱ्या फेजचा करंट गणिताने काढतो. सबमर्सिबलला न्यूट्रल नसते, म्हणून तिन्हींची बेरीज कुठल्याही क्षणी शून्य असते. हे गणित प्रत्येक सँपलवर करायचं, `ib = -(ia + ic)`, आणि मग आरएमएस काढायचा. दोन आरएमएस आकडे घेऊन तिसरा काढण्याचा सोपा मार्ग धोक्याचा आहे. सीटी नसलेली मधली फेज गेली तर उरलेल्या दोघींत तोच करंट जातो-येतो. दोन्ही आकडे सारखे, फक्त सुमारे 1.73 पट मोठे. असमतोल दिसणारच नाही.

फक्त "एखाद्या फेजमध्ये करंट शून्य आहे का" एवढंच तपासणंही पुरत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या 11 केव्ही बाजूची एक फेज गेली तर आपल्या बाजूला करंट साधारण 2, 1, 1 अशा प्रमाणात येतो. शून्य कुठेच नाही, आणि एक वाइंडिंग मात्र तापत असते. म्हणून सरासरीपासून 25 टक्क्यांहून जास्त फरक तीन सेकंद टिकला की आपण मोटर बंद करतो. सुरू होतानाचे पहिले पाच सेकंद ही तपासणी थांबवलेली असते, कारण तेव्हा करंट पूर्ण भाराच्या पाच-सहा पट असतो.

चौथं कारण: मुद्दाम केलेला उशीर

ऑटोमध्ये लाइट आल्यावर खोका 20 ते 180 सेकंद थांबतो. शेतकरी याला बिघाड समजतात आणि विक्री विभाग दर हंगामात तो कमी करायला सांगतो. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर व्होल्टेज कोसळतं, कॉन्टॅक्टर सुटतात, पुन्हा ओढले जातात, आणि कधी फ्यूज उडतो. मग सगळ्यांचीच रात्र कोरडी जाते. उशीर प्रत्येक खोक्याला वेगळा हवा. नुसतं `rand()` सगळ्या खोक्यांत तोच आकडा देतं, म्हणून तो चिपच्या `0x1FFFF7E8` वरच्या 96 बिटांच्या ओळख क्रमांकातून काढलाय. चिप दुसऱ्या उत्पादकाची आली तर हा क्रमांक प्रत्येक नगात खरंच वेगळा आहे का, तेही तपास.

नवी आवृत्ती सोडण्याआधी

चाचणीची पेटी माझ्या टेबलाखाली आहे. तिच्यात लाइट तोडणारा रिले आहे, तो अर्ध्या सेकंदापासून एक मिनिटापर्यंत अनियमित अंतराने लाइट तोडतो. बोर्डवरचा 2200 चा कपॅसिटर काढून 1000 चा लाव. खऱ्या मॉडेमवर भरवसा ठेवू नकोस, टॉवर इथे जवळ असल्यामुळे तो कमी ताकद वापरतो. त्याऐवजी 12 व्होल्टच्या लाइनवर 27 ओहम, 10 वॅटचं रेझिस्टर जोड. 9 ते 6.5 व्होल्टच्या पट्ट्यात ते एकटंच साधारण 0.29 अँपिअर ओढतं. हात लावू नकोस, ते चांगलंच तापतं.

रात्रभर चालू दे. सकाळी दोन्ही पानं उतरव आणि प्रत्येक तोडीला एक रेकॉर्ड आहे का ते रिलेच्या मोजणीशी ताड. पानं पुसली जातात, म्हणून जुन्या रेकॉर्डच्या मागे न लागता शेवटच्या रेकॉर्डचा क्रमांक घे. सुरुवातीचा क्रमांक लिहून ठेवलेला असला की वजाबाकीने कळतं. फरक जुळला नाही तर आवृत्ती सोडू नकोस, नोव्हेंबर तोंडावर असला तरी.

पेटीची चावी स्टोअरमध्ये ठेवली आहे. जुन्या परत आलेल्या खोक्यांचे `dump.bin` तारखेनुसार सर्व्हरवर आहेत, त्यात वरच्या चारही चित्रांचे नमुने सापडतील. पहिल्या आठवड्यात ते उघडून बघ, म्हणजे पुढचा खोका आला की तुझी नजर तयार असेल.